विश्लेषण : चिखलदऱ्याच्या कातळात कार्बन डायऑक्साइड कोंडता येईल?

औष्णिक वीज केंद्रांच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून जमिनीत खोलवर साठवायचा, हा पर्याय आता सरकारी धोरणांत आला आहे. नीती आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या अहवालात देशातील बेसॉल्ट खडकाची सैद्धांतिक साठवण क्षमता ९७ ते ३१६ अब्ज टन दाखवली आहे. हा बेसॉल्ट म्हणजे प्रामुख्याने दख्खनचा काळा कातळ, ज्यावर चिखलदरा उभे आहे. मग वऱ्हाडातल्या केंद्रांचा वायू वऱ्हाडातच पुरता येईल का?

साठवणीला कसा खडक लागतो?

जमिनीखाली पोकळी असते आणि तिथे वायू भरला जातो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात वायू खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतो. त्यासाठी दोन खडक एकावर एक असावे लागतात. खालचा सच्छिद्र हवा, आणि त्यातली छिद्रे एकमेकांना जोडलेली हवीत, नाहीतर वायू विहिरीच्या तोंडाशीच अडतो. वरचा खडक घट्ट, सलग आणि दूरवर पसरलेला हवा, कारण खोलवरचा कार्बन डायऑक्साइड खाऱ्या पाण्यापेक्षा हलका असल्याने सतत वर येऊ पाहतो. हा वरचा खडक म्हणजे झाकण.

चिखलदऱ्याच्या पंचबोल पॉइंटवरून समोरच्या कड्याकडे पाहिले की ही जोडी समजते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. प्रत्येक थराचा माथा थंड होताना त्यातले वायू बाहेर पडले आणि तिथे छिद्रे राहिली. मधला भाग सावकाश थिजला, तो घट्ट झाला. म्हणजे सच्छिद्र माथा ही साठवणीची जागा आणि त्यावरच्या पुढच्या थराचा घट्ट गाभा हे झाकण.

खोली किती हवी?

सर्वसाधारणपणे किमान ८०० मीटर सांगितली जाते. ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार दाबापलीकडे कार्बन डायऑक्साइड दाट होतो आणि कमी जागेत मावतो. मात्र आपल्याकडे जमीन मुळात गरम असल्याने ८०० मीटरवर तो म्हणावा तितका दाट होत नाही. १२०० मीटरच्या आसपास, १२० बार दाबाला, एका टनाला साधारण सव्वादोन घनमीटर जागा पुरते. जमिनीवर तोच वायू पाचशेहून अधिक घनमीटर व्यापतो.

इथेच चिखलदरा बाद होते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर, तर पायथ्याचे अचलपूर ३७० मीटरच्या आसपास आहे. चिखलदऱ्यात ८०० मीटर खोदले तरी आपण जेमतेम अचलपूरच्या पातळीच्या थोडे खाली पोहोचतो. दऱ्यांनी कापलेल्या या डोंगरातले पाणी झऱ्यांवाटे निघून जाते, त्यामुळे वायूला दाबून धरणारा पाण्याचा स्तंभ तिथे मिळत नाही. खोली मोजायची ती पाण्याने भरलेल्या खडकाची, डोंगराच्या उंचीची नव्हे.

मग खारपाणपट्टा चालेल का?

खोल खाऱ्या पाण्याचे थर हे साठवणीसाठी जगभर पसंतीचे ठिकाण आहे. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनर येथे १९९६ पासून अशाच वालुकाश्मात वायू सोडला जात आहे. पण पूर्णा खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा वेगळा. तो गाळाच्या मातीतला, वरवरचा थर आहे. शेतकऱ्यांच्या विहिरी त्यातच आहेत, तिथे पुरेसा दाब नाही आणि वर भरवशाचे झाकणही नाही. पाणी खारे आहे म्हणून जागा योग्य ठरत नाही. विचार करायचा असेल तर तो या गाळाखाली दबलेल्या बेसॉल्टचा आणि त्याच्याही खालच्या खडकांचा.

बेसॉल्टची जमेची बाजू कोणती?

त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून कार्बोनेट खनिजे बनतात. वायूचा दगड झाला की गळतीचा प्रश्नच उरत नाही. आइसलँडमधील ‘कार्बफिक्स’ प्रकल्पात २०१२ मध्ये सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्के भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. अमेरिकेत वॉलुला येथे २०१३ मध्ये सुमारे एक हजार टन वायू ८०० मीटरहून खोल बेसॉल्टमध्ये सोडला गेला. दोन वर्षांनी काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत कार्बोनेटच्या गाठी सापडल्या. वॉलुलाची रचना दख्खनसारखीच आहे, सच्छिद्र माथे आणि त्यावर घट्ट गाभे.

मात्र वॉलुलाचा खडक दीड कोटी वर्षांच्या आसपासचा, तर दख्खनचा त्याच्या चौपट जुना. इतक्या काळात आपल्या खडकातली बरीच छिद्रे झिओलाइट आणि कॅल्साइटने भरून गेली आहेत. रस्त्याच्या खाणीत काळ्या दगडात दिसणारे पांढरे ठिपके ते हेच. निसर्गाने तिथली जागा आधीच वापरून टाकली आहे.

पारसचा हिशेब काय सांगतो?

अकोला जिल्ह्यातील पारस केंद्राची क्षमता ५०० मेगावॅट आहे. ते ७० टक्के भाराने चालले आणि प्रतियुनिट सुमारे एक किलो वायू धरला, तर वर्षाला ३० लाख टन, म्हणजे रोज आठ हजार टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड होतो. वॉलुलाचा सगळा प्रयोग म्हणजे पारसचे जेमतेम तीन तास.

आइसलँडच्या पद्धतीत वायू पाण्यात विरघळवून सोडतात. त्यासाठी एका टनाला साधारण २५ टन पाणी लागते. पारसच्या वायूसाठी ते वर्षाला ७५ दशलक्ष घनमीटर होते. अकोल्याची तहान भागवणाऱ्या काटेपूर्णा धरणाचा उपयुक्त साठाच सुमारे ८६ दशलक्ष घनमीटर आहे. यातले काही पाणी पुन्हा उपसून वापरता येते, पण खारपाणपट्ट्यात ही पद्धत परवडणारी नाही. दाट वायू थेट सोडणे हाच मार्ग उरतो. तसे केल्यास वायूचा दगड होईपर्यंत तो रोखून धरण्याचा सगळा भार झाकणावर पडतो.

झाकण फसले तर कसे कळते?

वायू फार जोराने भरला तर दाब वाढून घट्ट खडकालाही तडे जातात. अल्जेरियात इन सलाह येथे २००४ पासून वायू सोडला गेला. उपग्रहांनी जमीन मिलिमीटरांत वर उचलली जात असल्याचे टिपले आणि झाकणाविषयी शंका आल्याने २०११ मध्ये काम थांबले. विहिरीतला दाब, जमिनीची पातळी, सूक्ष्म भूकंप आणि वरच्या भूजलाचे रसायन ही चार लक्षणे म्हणूनच सतत तपासावी लागतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी गाविलगड प्रस्तरभंग धावतो. सालबर्डीजवळ तर लाव्हाच्या खालचे जुने खडक थेट उघड्यावर दिसतात. म्हणजे जे झाकणाखाली असायला हवे, ते तिथे जमिनीवर आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावती जिल्ह्यात ४.२ तीव्रतेचा भूकंप झाला. अशा भेगांच्या जवळ दाब वाढवणे जोखमीचे.

पुढे काय?

अब्जावधी टनांचा आकडा खडकाच्या एकूण आकारमानावरून काढलेला असतो. प्रत्यक्ष जागा ठरते ती खोल विवर खोदून. कोयनेला तसे खोदल्यावर सुमारे ९३३ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि मधे गाळाचा खडक न लागता थेट ग्रॅनाइट आला. पूर्णा खोऱ्यात प्रस्तरभंगापासून दूर असे विवर घेऊन थरांची जाडी, मोकळी छिद्रे आणि झाकणाची ताकद मोजल्याशिवाय वऱ्हाडाच्या वाट्याला त्या आकड्यातले किती येणार, हे ठरणार नाही.