ड्राईव्ह सुरू होताच पडणारा ब्रेकर : दोष मोटारीचा की केबलचा?

वरूड तालुक्यातील संत्र्याच्या बागांची मदार विंधनविहिरींवर असून त्या शेकडो फूट खोल गेल्या आहेत. पाणबुडी मोटार झटका न बसता सुरू व्हावी म्हणून काही बागाईतदार फ्रीक्वेन्सी ड्राईव्ह बसवितात, आणि मग बटण दाबताच अर्थ लीकेज ब्रेकर पडू लागतो. आंबिया बहराची फळे झाडावर असताना ऐन उन्हाळ्यात असे घडले की, कोणीतरी ब्रेकर वगळून तार थेट जोडून देतो. हा उपाय प्राणघातक होय. परंतु मोटार खराब झाली असे गृहीत धरून सर्व पाइप वर ओढून काढणे हेही शहाणपणाचे नव्हे. गळती कोठली आहे, हे खर्च करण्यापूर्वीच ठरविता येते.

ब्रेकर हा तिन्ही फेजमधून जाणाऱ्या व परत येणाऱ्या प्रवाहांचा मेळ पाहतो. जो प्रवाह तारेने परत न येता जमिनीतून जातो, तेवढाच त्यास दिसतो. ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान केव्हाही पडू शकतो.

ड्राईव्हच्या बाबतीत बिघाड नसतानाही अशी गळती दोन ठिकाणी होते. पहिले ठिकाण म्हणजे आतील फिल्टर. त्यातील कपॅसिटर फेज व अर्थ यांच्यामध्ये जोडलेले असतात. तिन्ही फेजचा दाब समान असेल तर त्यांची गळती परस्परांस बहुतांशी नाहीशी करते. एक फेज कमकुवत असल्यास, अथवा स्विचचे तीन संपर्क एकाच क्षणी न जुळल्यास, ती उघडी पडते.

दुसरे ठिकाण म्हणजे लांब केबल. समजा, २०० मीटर केबल पाण्यात बुडालेली आहे. तिच्या प्रत्येक तारेची पाण्याशी असलेली धारकता दर मीटरला सुमारे पाव नॅनोफॅरड धरली, तर ती एकूण ५० नॅनोफॅरड होते. थेट विजेवर, ५० आवर्तनांना, प्रत्येक तारेतून सुमारे ४ मिलिअँपिअर गळेल आणि तिन्हींची बेरीज जवळजवळ शून्य होईल. ड्राईव्ह मात्र सेकंदाला, उदाहरणार्थ, ८,००० ठोके देतो आणि तिन्ही तारांतील ठोक्यांची बेरीज शून्य होत नाही. धारकतेतील प्रवाह आवर्तनांच्या प्रमाणात वाढतो. ८,००० म्हणजे ५० च्या १६० पट. म्हणून गळती शेकडो मिलिअँपिअरवर जाऊ शकते.

पारख यातूनच निघते. ड्राईव्हला नुसती वीज देताच ब्रेकर पडला, तर प्रथम फिल्टरचा संशय घ्यावा. वीज टिकते, पण मोटार सुरू करताच तो पडतो, असे असेल तर केबल किंवा मोटार पाहावी. जाणकार वायरमनकडून वीज बंद करवून, ड्राईव्हवर लिहिलेला वेळ थांबून, U, V, W या टोकांवरील केबल सोडवावी व ड्राईव्ह तसाच चालवून पाहावा. त्यानंतर सुट्या केबलवर मेगर लावावा. ड्राईव्ह जोडलेला असताना मेगर कदापि लावू नये. मेगर धारकता पाहत नाही, केवळ इन्सुलेशन पाहतो. २४० व्होल्टला १५ मिलिअँपिअर गळण्यास रोध १६,००० ओहमपर्यंत उतरावा लागतो. मेगर एक मेगओहमहून अधिक दाखवीत असेल, तर ब्रेकर पाडण्याचे खापर इन्सुलेशनवर फोडता येत नाही. पाइप काढण्याचे कारण उरत नाही.

येथे एक चुकीचा सल्ला हमखास मिळतो, तो म्हणजे फिल्टरचा अर्थ स्क्रू काढून टाकण्याचा. फिल्टरची गळती त्याने थांबते हे खरे. पण केबलमधून जमिनीत उतरलेल्या जलद प्रवाहास ड्राईव्हकडे परत येण्याचा जवळचा मार्ग त्याच कपॅसिटरमधून असतो. तो बंद झाला की, प्रवाह रोहित्राच्या अर्थमार्गे फिरून ब्रेकरमधूनच येतो, आणि त्रास वाढू शकतो. त्याऐवजी मोटारीच्या अंगापासून एक स्वतंत्र अर्थ तार मुख्य केबलला लगटून थेट ड्राईव्हच्या अर्थ टोकापर्यंत आणावी. सपाट तीनतारी केबलमध्ये ही तार नसते आणि प्लॅस्टिकच्या पाइपमधून अर्थिंग मिळत नाही, ही गोष्ट पंप उतरविताना बहुधा विसरली जाते.

त्यानंतर ठोक्यांची संख्या ८,००० वरून २,००० ते ४,००० वर आणावी. मोटार थोडी अधिक गुणगुणेल, इतकेच. केबल फारच लांब असल्यास ड्राईव्हच्या पुढे चोक बसवावा. एवढ्यानेही न भागल्यास ड्राईव्हसाठी ३०० मिलिअँपिअरचा ‘बी’ प्रकारचा स्वतंत्र ब्रेकर घ्यावा. साधा ‘एसी’ प्रकारचा ब्रेकर येथे चालत नाही, कारण तीन फेजच्या ड्राईव्हमधील बिघाडात सरळ प्रवाह गळू शकतो आणि त्याने तो ब्रेकर आंधळा होतो. ३०० मिलिअँपिअरचा ब्रेकर अंगाला थेट तार लागल्यास माणसास वाचवीलच असे नाही. तेथे भिस्त चांगल्या अर्थिंगवर आणि झाकलेल्या जोडांवर राहते. झोपडीतील दिवा व प्लग यांची जोडणी त्यामुळे वेगळी करून तिला ३० मिलिअँपिअरचाच ब्रेकर ठेवावा.