तिन्हीसांज असते म्हणून दिवस आणि रात्र एक होत नाहीत

सीमाप्रश्नावर चर्चा सुरू झाली की एक युक्तिवाद हटकून पुढे येतो. तो करणारे बहुधा शांत, सुशिक्षित आणि स्वतःला तटस्थ समजणारे असतात. ते म्हणतात, "बेळगावच्या आसपास भाषा इतक्या मिसळल्या आहेत की मराठी कुठे संपते आणि कन्नड कुठे सुरू होते हे कोणालाच सांगता येणार नाही. मग हा मराठी मुलूख आणि तो कन्नड मुलूख, हा भेदच काल्पनिक नव्हे काय?" ऐकणाऱ्याला हे समंजसपणाचे वाटते. आमच्या मते हा तर्कदोष आहे. त्याला आपण अखंडतेचा हेत्वाभास म्हणू.

हा दोष फार जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या यूबुलिडीस या ग्रीक तार्किकाच्या नावावर राशीचे कोडे सांगितले जाते. खळ्यावर ज्वारीची रास आहे. एक दाणा उचलला तरी रास ती रासच. आणखी एक उचलला तरीही रासच. असे एकेक दाणा उचलत गेलो, तर रास नेमकी कोणत्या दाण्याला नाहीशी झाली? तो दाणा दाखवता येत नाही. पण म्हणून खळ्यावर रास असणे आणि खळे रिकामे असणे यांत फरक नाही, असे कोणता शेतकरी मान्य करील? हेत्वाभास नेमका इथे आहे. 'सीमा कुठे आहे हे सांगता येत नाही' या खऱ्या विधानावरून 'भेदच नाही' हे खोटे विधान काढले जाते. पहिले विधान मधल्या पट्ट्याविषयी आहे आणि दुसरे दोन टोकांविषयी. तिन्हीसांजेला उजेड की अंधार हे ठरवणे कठीण असते, पण त्यामुळे भरदुपार आणि मध्यरात्र यांचा निवाडा अडत नाही.

आता मराठी-कन्नडाची मिसळ किती खोल जाऊ शकते ते पाहू. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावाचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाशास्त्रज्ञांनी केला आणि १९७१ साली तो प्रसिद्ध केला. त्या गावात कन्नड, मराठी आणि उर्दू कित्येक पिढ्या शेजारी नांदल्या होत्या. अभ्यासकांना असे आढळले की तिथल्या बोलण्यात या तिन्ही भाषांची वाक्यरचना जवळजवळ एका साच्यात आली आहे. एका भाषेतले वाक्य शब्दामागून शब्द बदलत गेले की दुसऱ्या भाषेतले वाक्य तयार होते. सरमिसळीचा याहून ठळक दाखला शोधूनही सापडणे कठीण. तरीही शब्द आणि शब्दांची रूपे वेगळी राहिली होती. घरात एक भाषा आणि चारचौघांत दुसरी हा व्यवहार चालू होता, आणि आपण या क्षणी कोणती भाषा बोलतो आहोत याविषयी गावात संभ्रम नव्हता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मराठी आणि कन्नड या वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा आहेत. आपण कन्नडाकडून अण्णा, अक्का, अडकित्ता असे शब्द घेतले. पण 'दोन, तीन, चार' पासून 'एरडु, मूरु, नाल्कु' पर्यंत नेणारी मधल्या रूपांची साखळी कोणत्याही गावात सापडत नाही. सीमाभागात जे मिसळलेले आहे ते माणसांचे राहणे, दोन्ही भाषा येणे आणि वाक्याची धाटणी. द्विभाषिक माणूस हा दोन भाषांतला भेद नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही. उलट भाषा दोन आहेत म्हणूनच त्याला द्विभाषिक म्हणायचे.

इथपर्यंत आमचे वाचक मान डोलावतील. पुढचे परिच्छेद कदाचित काहींना रुचणार नाहीत, पण तेच लिहिण्यासाठी हा लेख आहे. जो हेत्वाभास बेळगावात आमच्यावर चालवला जातो, तोच गोव्यात आमच्यातल्या अनेकांनी कोकणीवर चालवला आहे. "रत्नागिरीहून निघा आणि चालत चालत पणजीला या. बोली गावागणिक थोडीथोडी बदलेल, पण मराठी संपली आणि कोकणी सुरू झाली असा दगड वाटेत कुठेच लागणार नाही. तेव्हा कोकणी ही मराठीच." हा युक्तिवाद आम्ही आमच्याच व्यासपीठांवरून ऐकला आहे आणि त्यावर टाळ्याही ऐकल्या आहेत.

इथे साखळी खरोखर आहे, म्हणून हे प्रकरण अधिक बारकाईने पाहू. पुण्याचा माणूस विचारतो, "तू कुठे जातोस?" गोव्यातला कोकणी माणूस विचारतो, "तूं खंय वता?" आणि मधला मालवणी माणूस विचारतो, "तू खय जातंस?" मालवणी वाक्यातला प्रश्नवाचक शब्द कोकणीच्या बाजूला आहे आणि क्रियापद मराठीच्या. हा योगायोग नव्हे. मराठीत 'मी', मालवणीतही 'मी', पण कोकणीत 'हांव'. मराठीत 'काय', मालवणीतही 'काय', पण कोकणीत 'कितें'. उलट मराठीत 'आहे', तर मालवणीत आणि कोकणीत 'आसा'. मराठीत 'मला', मालवणीत 'माका', कोकणीत 'म्हाका'. मराठीत 'माझा', मालवणीत 'माझो', कोकणीत 'म्हजो'. नकाशावर यांतल्या प्रत्येक लकबीची सीमारेषा काढली तर त्या एकमेकींवर पडणार नाहीत. काही रेषा मालवणीच्या उत्तरेला पडतील, काही दक्षिणेला. म्हणूनच वाटेत एकच दगड लागत नाही.

पण त्या सगळ्या रेषा ओलांडून झाल्यावर काय उरते तेही पाहा. पुण्याच्या वाक्यातले 'मी', 'मला', 'माझा', 'काय', 'कुठे', 'आहे' आणि 'जातो' हे सगळे बदललेले असते. हे रोजच्या बोलण्यातले कणाकणाने येणारे शब्द आहेत, आणि ते एकाच वेळी दोन गठ्ठ्यांत विभागलेले दिसतात. एक गठ्ठा उत्तरेला, दुसरा दक्षिणेला, आणि मधल्या अरुंद पट्ट्यात दोहोंचे मिश्रण. भेद खरा आहे की आभासी, हे ओळखण्याची कसोटी हीच. आधी दोन्ही टोके समोरासमोर ठेवायची. मग भेद एकेकटे विखुरलेले आहेत की गठ्ठ्याने बदलतात ते पाहायचे. गठ्ठे दिसले तर मधला पट्टा धूसर असूनही भेद खरा. गठ्ठेच नसतील आणि सगळीकडे सारखाच हळूहळू बदल असेल, तर मात्र प्रतिपक्षाचे म्हणणे विचारात घ्यावे लागेल.

साखळीचा युक्तिवाद टाकून द्यावा असे आम्ही म्हणतो, कारण तो मान्य केला तर तो आमच्याच दारात येऊन थांबतो. खानदेशात अहिराणी आहे. तिच्या एका अंगाला मराठी आहे आणि दुसऱ्या अंगाला गुजराती. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाने कोकणीला मराठीच्या खंडात बसवले, हा दाखला आमच्यातले लोक आवर्जून देतात. त्याच सर्वेक्षणाने खानदेशीला मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ल बोलींच्या सोबत ठेवले आणि तिचे गुजरातीशी असलेले नाते दाखवले, हे मात्र कोणी सांगत नाही. मालवणीच्या पुलावरून कोकणी मराठीत येत असेल, तर अहिराणीच्या पुलावरून मराठी गुजरातीत जाईल. वडोद्याच्या मराठी मंडळींनी तीनशे वर्षांच्या वास्तव्यानंतर हे मान्य करावे काय? आपल्या न्यायशास्त्रात अशा हेतूला अतिप्रसंगाचा दोष लागतो. जे नको ते सगळेच जो हेतू सिद्ध करतो, तो काहीच सिद्ध करत नाही.

मात्र आम्ही काय म्हणत नाही तेही स्पष्ट करतो. हेत्वाभास उघडा पडला म्हणजे कोकणी स्वतंत्र भाषा ठरली, असे नव्हे. वऱ्हाडी आणि पुणेरी यांतही भेद आहे, तरी वऱ्हाडी माणूस स्वतःला मराठी म्हणवतो. भेद आहे की नाही हा एक प्रश्न, आणि त्या भेदाला भाषा म्हणायचे की बोली हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नात बोलणाऱ्यांची स्वतःविषयीची जाणीव, वाङ्मय आणि व्यवहार यांचा विचार होतो. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये तिचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. या निर्णयांशी कोणाला वाद घालायचा असेल तर त्याने या कारणांवर घालावा. 'वाटेत दगड दिसला नाही' हे कारण पुरेसे नाही. तसेच मालवणी बोलणाऱ्याला दोन्ही बाजूंनी ओढणेही थांबवावे. भेद खरा मानला म्हणजे मधला माणूस खोटा ठरत नाही. मालवणी मध्ये आहे, आणि मध्ये असणे हीसुद्धा एक जागा आहे.

उरला प्रश्न रेषेचा. निसर्गाने रेषा काढलेली नाही, म्हणून माणसाने काढलेली प्रत्येक रेषा मनमानी असते काय? अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री कोणी अजाण असतो आणि सकाळी जाणता होतो, असे आपण मानत नाही. तरीही मतदानाचे वय अठरा ठेवतो, आणि ते पाच किंवा पंचेचाळीस ठेवले तर चूक होईल हेही जाणतो. धूसर पट्ट्यात रेषा नेमकी कुठे यावी हा निर्णयाचा भाग आहे, पण ती पट्ट्याबाहेर जाऊ नये हे वस्तुस्थिती सांगते. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेवरही मिसळ होतीच. पाटसकर यांच्या मध्यस्थीत गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि सलगता ही तत्त्वे लावली गेली, १९५९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९६० पासून सीमा बदलली. तेलुगू कुठे संपते आणि तमिळ कुठे सुरू होते हे शेवटच्या घरापर्यंत सांगा, अशी अट कोणी घातली नाही. काही घरे दोन्हीकडे 'चुकीच्या' बाजूला राहिली असतील. त्यांच्या भाषिक हक्कांची काळजी रेषा काढल्यावरही घ्यावीच लागते, आणि आमच्या बाजूला येणाऱ्या कन्नड भाषकांच्या बाबतीत ती जबाबदारी आमच्यावर असेल.

जे म्हणतात की रेषा काढताच येत नाही, त्यांच्या नजरेतून एक गोष्ट नेहमी निसटते. रेषा आजही आहे. ती नकाशावर आहे, शाळेच्या माध्यमावर आहे, कचेरीतल्या अर्जाच्या भाषेत आहे. 'सीमा धूसर आहे' या वाक्याने ती पुसली जात नाही, फक्त तिच्याविषयी प्रश्न विचारणे थांबते. म्हणून यापुढे हा युक्तिवाद समोर आला की आधी दोन टोकांविषयी विचारा. आणि तो आपल्याच तोंडून निघू लागला, तर बोलणे थांबवून तोच प्रश्न स्वतःलाही विचारा.