भरीव की पोकळ? आधी सांगा, सारखं काय ठेवायचं

मेकॅनिकलच्या मुलांना इंटरव्ह्यूत हमखास पडणारा एक प्रश्न आहे. पिळाखाली शाफ्ट का तुटतो, आणि मग लगेच पुढचा, भरीव शाफ्ट चांगला की पोकळ? पहिल्याचं ठरलेलं उत्तर "शिअर स्ट्रेस वाढतो म्हणून", दुसऱ्याचं "पोकळ, सर". समोरचा मान डोलावतो, कागदावर खूण करतो आणि गाडी पुढच्या प्रश्नावर जाते. माझं स्पष्ट मत असं की या सवाल-जवाबात दोघांपैकी कोणालाच काही कळतं असं सिद्ध होत नाही. दुसरा प्रश्न तर चक्क अर्धवट आहे.

(मी स्वतः मेकॅनिकल शिकून नंतर कोड लिहून पोट भरणाऱ्या जमातीतला. त्या काळी सॉफ्टवेअर कंपन्यासुद्धा कॅम्पसला येऊन हाच प्रश्न विचारायच्या, बहुधा दुसरं काय विचारायचं ते सुचायचं नाही म्हणून. असो.)

आता हे आठवायचं कारण म्हणजे माझा मावसभाऊ. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेला होता. हा प्रश्न आला तेव्हा त्यानं उलट विचारलं, "सर, बाहेरचा व्यास सारखा ठेवायचा की वजन?" त्यावर उत्तर मिळालं, "आम्ही प्रश्न विचारायचे, तुम्ही उत्तरं द्यायची." निकाल काय लागला ते सांगायला नकोच. माझ्या मते त्या खोलीत त्या दिवशी बोललं गेलेलं सगळ्यात शहाणं वाक्य त्याचंच होतं. का, ते नीट सांगतो.

आधी तुटण्याचं बघू. घरात खडू असेल तर घ्या, दोन्ही टोकं धरा आणि टॉवेल पिळतो तसा हळूच पिळा. वाकवू नका, फक्त पिळा. तुटलेलं तोंड सपाट नसतं, ते जिन्यासारखं फिरत गेलेलं असतं, लांबीशी साधारण ४५ अंशांत. आता कॉलेजातली टॉर्शनची चाचणी आठवा. माइल्ड स्टीलचा तुकडा फिरतच राहतो, त्यावर लांबीच्या दिशेनं मारलेली रेघ मळसूत्रासारखी होते, आणि शेवटी तो सुरीनं काकडी कापावी तसा सरळ आडवा तुटतो. आणि वाळका बांबू पिळला तर? तो आडवा तुटतच नाही, उभा चिरतो.

पीळ एकच, तुटण्याच्या तऱ्हा तीन. गंमत इथे आहे. शाफ्टच्या पृष्ठभागावर पेन्सिलीनं एक छोटा चौकोन काढला आहे असं समजा. शाफ्ट पिळला की चौकोनाचा शंकरपाळा होतो. त्याचा एक कर्ण ताणला जातो, दुसरा दाबला जातो, आणि हे कर्ण ४५ अंशांत असतात. खडूला ताण अजिबात सोसत नाही, म्हणून तो ताणल्या जाणाऱ्या कर्णाला काटकोनात फाटतो आणि ती भेग गोल फिरत जाते. कास्ट आयर्नचंही हेच. माइल्ड स्टील ताणाला चिवट, पण त्याचे थर एकमेकांवरून घसरणं त्याला तुलनेनं सोपं जातं. म्हणून ते आडव्या पातळीत घसरत घसरत सुटतं. बांबूचं काय? चौकोनाच्या फक्त आडव्या कडांवर घसरवणारं बळ लागलं असतं तर चौकोन जागच्या जागी गरगरला असता. तो गरगरत नाही, कारण उभ्या कडांवरही तेवढंच बळ उलट दिशेनं आवळून धरतं. बांबूचे तंतू उभे आणि त्यांना जोडणारा चिकटा कमजोर, म्हणून तो उभाच फाटतो.

म्हणजे "शाफ्ट का तुटतो" याचं उत्तर "टॉर्क जास्त झाला" एवढं नसतं. टॉर्कनं सगळ्या दिशांना काही ना काही बळं लावलेली असतात, त्यातलं आपल्याला न सोसणारं कोणतं ते मटेरियल ठरवतं. तुटलेला तुकडा टेबलावर ठेवून "हा कसा गेला?" असं विचारणारा इंटरव्ह्यू घेणारा मला भेटायला फार आवडेल. सपाट तोंड आणि त्यावर भोवऱ्यासारखे घासल्याचे वळसे म्हणजे चिवट धातू, एका झटक्यात ओव्हरलोड. तोंडावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा एकामागे एक रेषा म्हणजे फटीग. भेग दिवसेंदिवस थोडी थोडी पुढे सरकत होती. प्रत्यक्ष कामात शाफ्ट जातात ते बहुतेक या दुसऱ्या प्रकारानं, आणि सुरुवात जवळजवळ नेहमी पृष्ठभागावर होते, चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात किंवा जिथे व्यास एकदम बदलतो तिथे.

पृष्ठभागावरच का? इथूनच पोकळ शाफ्टची गोष्ट सुरू होते. सगळ्यांना पाठ असलेलं सूत्र हे:

```
T/J = τ/r
```

मराठीत सांगायचं तर स्ट्रेस केंद्रात शून्य असतो आणि बाहेर जाऊ तसा सरळ रेषेत वाढत जातो. शिवाय केंद्राजवळच्या मटेरियलला हातही तोकडा मिळतो. दार बिजागरीजवळ ढकलून बघा आणि मग कडीजवळ ढकलून बघा, तोच फरक. त्यातून आतल्या कड्यांचा घेरही लहान. कमी स्ट्रेस, तोकडा हात, थोडं मटेरियल, या तिन्हींचा गुणाकार झाला की आतला भाग जवळजवळ बसून पगार खाणारा ठरतो. भरीव शाफ्टचा अर्ध्या व्यासापर्यंतचा गाभा २५ टक्के वजन घेऊन बसतो आणि एकूण टॉर्कच्या फक्त १६ वा भाग, म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपास उचलतो.

आता मावसभावाचा प्रश्न घ्या. बाहेरचा व्यास सारखा ठेवला तर? ५० मिलिमीटरच्या भरीव शाफ्टला आरपार २५ मिलिमीटरचं भोक पाडा. वजन पाऊण राहिलं, पण ताकद सहा टक्क्यांनी उतरली. थोडीच, पण उतरली. म्हणजे व्यास तोच असेल तर भरीवच जास्त ताकदीचा, आणि "पोकळ, सर" हे उत्तर चूक.

वजन सारखं ठेवलं तर? त्याच ५० मिलिमीटरच्या शाफ्टचं पोलाद घ्या आणि त्याची १०० मिलिमीटर व्यासाची नळी करा. आतलं भोक ८६.६ मिलिमीटरचं येतं, भिंत पावणेसात मिलिमीटरच्या आत-बाहेर. दोघांवर १,००० न्यूटन-मीटर टॉर्क लावला तर भरीव शाफ्टच्या पृष्ठभागावर सुमारे ४१ मेगापास्कल स्ट्रेस येतो, नळीच्या पृष्ठभागावर १२ च्याही आत. ताकद बरोबर साडेतीन पट. आणि पिळाला ताठपणा सात पट! पोलाद तेवढंच, पैसे तेवढेच (नळी करण्याचे वेगळे, ते नंतर). आता "पोकळ, सर" बरोबर. एकाच प्रश्नाची दोन उलट उत्तरं, आणि दोन्ही खरी. मग "काय सारखं ठेवायचं?" असं न विचारता उत्तर देणारा पास कसा होतो?

इथे एखादा हुशार म्हणेल, मग नळी आणखी रुंद करा ना. कागदावर करता येतेच. तेच पोलाद २०० मिलिमीटर व्यासात पसरलं तर भिंत जेमतेम सव्वातीन मिलिमीटर उरते आणि ताकद पावणेआठ पट दिसते. पण आपलं सूत्र गृहीत धरतं की नळी गोलच राहणार. भिंत व्यासाच्या मानानं पातळ होत गेली की ती तुटायच्या आधी चुरगळते. कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन पिळून बघा, तिरक्या घड्या पडतात. पोलादाची ताकद शिल्लक असते आणि शाफ्ट मात्र गेलेला असतो.

दुसरी मर्यादा याहून मजेशीर. नळी बंद पाहिजे. आपल्या १०० मिलिमीटरच्या नळीला लांबीभर एक चीर दिली, अगदी केसाएवढी, तर पोलाद काहीच कमी होत नाही, पण पिळाला ताठपणा सुमारे १४५ पटींनी कोसळतो. मघाशी म्हटलं ना, उभ्या कडांवरही तेवढंच बळ आवळून धरत असतं? चीर पडली की तिथे धरायला कोणी उरत नाही आणि दोन काठ एकमेकांवरून मोकळे सरकतात. कागदाची गुंडाळी करून पिळा, मग कड चिकटवून पुन्हा पिळा. दोन मिनिटांचं काम आहे. पत्रा वळवून वेल्ड केलेल्या नळीत त्या वेल्डची एवढी काळजी का घेतात ते हाताला कळतं.

मी इंटरव्ह्यू घ्यायला बसलो तर भरीव-पोकळ असं न विचारता हे विचारीन: मागची चाकं चालवणाऱ्या कुठल्याही ट्रकखाली वाकून बघा. गिअरबॉक्सपासून मागे येणारा लांब प्रोपेलर शाफ्ट पोकळ नळीचा असतो. पण डिफरन्शियलपासून चाकाकडे जाणारे दोन अ‍ॅक्सल शाफ्ट बहुतेक वेळा भरीव. का? आणि थोडं मीठ चोळायला हेही सांगीन की डिफरन्शियलमध्ये ४ पट घट असेल तर सरळ चालताना प्रत्येक अ‍ॅक्सल शाफ्टवर प्रोपेलर शाफ्टच्या दुप्पट टॉर्क येतो. म्हणजे जास्त पीळ सोसणारा बारीक आणि भरीव, कमी सोसणारा जाड आणि पोकळ.

प्रोपेलर शाफ्टला खाली मोकळी जागा आहे, तेव्हा तो व्यासानं वाढू शकतो. शिवाय तो लांब आहे आणि चाकाच्या ४ पट वेगानं फिरतो. लांब दांडा एका ठराविक वेगाला दोरीच्या उडीसारखा मध्ये फुगून थरथरायला लागतो, आणि तो वेग गाठायचा नसतो. आपल्या उदाहरणातली नळी तेवढ्याच वजनाच्या आणि लांबीच्या भरीव दांड्यापेक्षा हा वेग अडीच पटीहून थोडा वर ढकलते. बऱ्याचदा नळी निवडण्याचं खरं कारण पीळ नसतंच, हे असतं.

अ‍ॅक्सल शाफ्टचं उलट. तो हाऊसिंगच्या आतून जातो, त्याचं टोक डिफरन्शियलच्या छोट्या गिअरच्या भोकात बसतं, म्हणजे बाहेरचा व्यास आधीच बांधलेला. व्यास बांधलेला असला की भरीवच जिंकतो, वर बघितलंच आपण. वेगही कमी, त्यामुळे थरथरण्याची भीती नाही. भोक पाडून पाव वजन वाचेल, पण मीटरभर लांब, बारीक, सरळ भोक कडक पोलादात पाडायचा खर्च ट्रकवाला कशाला करेल? शर्यतीच्या गाड्यांत मात्र असे आरपार भोक पाडलेले अ‍ॅक्सल खरोखर वापरतात. तिथे प्रत्येक किलो मोजलेला असतो, आणि ते सहा टक्के चांगल्या प्रतीच्या पोलादातून भरून काढता येतात.