आईचा 'जीव घाबरतो', त्याचं इंग्रजी काय?

शनिवारी दुपारी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर भाजी घ्यायला गेलं की दुकानांच्या बाहेर एक ठरलेलं दृश्य दिसतं. मुलगा-सून आत भेंडी निवडतायत आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा बाहेर पिशव्या सांभाळत ओळखी काढतायत. गाव कुठलं, मुलगा कुठे असतो एवढं झालं की गाडी तब्येतीवर येते. 'झोपच लागत नाही हो इकडे.' 'माझं पित्त फार वाढलंय.' 'डोकं कसं जडजड असतं दिवसभर.' इतकी वर्षं मी हे संवाद कानावर घेतोय, पण 'मी उदास आहे' असं म्हणालेलं एकही माणूस आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी आई याच घोळक्यात होती. बाबा गेल्यानंतरची तिची इकडची पहिलीच वारी. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती म्हणाली, 'अरे, जीव घाबरतोय. छातीत धडधडतंय, हाताला मुंग्या आल्यात.' मी तिला जवळच्या दवाखान्यात नेलं आणि दुभाषा झालो. 'जीव घाबरतो' याचं इंग्रजी मला सुचेना. छातीवर हात ठेवून मी म्हणालो, 'चेस्ट पेन.' ती दुखतंय असं म्हणालीच नव्हती, पण त्या दोन शब्दांनी पुढचा सगळा रस्ता ठरला. ईसीजी, तिथून इमर्जन्सी, हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी, काही तासांनी तीच पुन्हा. पहाटे डॉक्टर हसतमुखाने म्हणाले, हृदय उत्तम आहे, सगळं नॉर्मल. मला हायसं वाटलं. आईचा चेहरा मात्र पडला. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, 'म्हणजे मला काही झालेलंच नाही, असं म्हणतात का ते?'

ती तपासणी चुकीची होती असं मला म्हणायचं नाही. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकाराचं प्रमाण जास्त आहे आणि बायकांमध्ये त्याची लक्षणं अनेकदा वेगळी दिसतात, त्यामुळे छातीची तक्रार आधी हृदयाच्या अंगानेच पाहायला हवी. चूक झाली ती पुढे. 'सगळं नॉर्मल' हे उत्तर मिळालं आणि प्रश्न तिथेच संपला.

मराठीत 'जीव' हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो धड शरीर नाही, धड मनही नाही. जीव लागत नाही, जीव टांगणीला लागतो, जीव वर-खाली होतो. पोटात गोळा येतो आणि काळजात धस्स होतं तेव्हा आपण पोटाच्या किंवा हृदयाच्या डॉक्टरकडे जात नाही, कारण ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. 'नैराश्य' हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो, स्वयंपाकघरात तो कुणी वापरत नाही. इंग्रजीत जाताना मात्र 'जीव' दुभंगतो. एक तर तो 'हार्ट' होतो, नाही तर 'माइंड'. मी घाईत 'हार्ट' निवडलं होतं.

या बोलीला अभ्यासकांनी नाव दिलंय, आणि तेही आपल्या शेजारच्या मुलखातून. मार्क निक्टर या मानवशास्त्रज्ञाने दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या हव्यक ब्राह्मण बायकांमध्ये राहून 1981 साली एक निबंध लिहिला. जिथे थेट तक्रार करायची सोय नसते तिथे बाई उपवासातून, अति सोवळ्यातून, दुखण्यातून आपला त्रास बोलून दाखवते, असं त्याचं निरीक्षण होतं. अशा रीतींना त्याने दुःखाच्या बोली म्हटलं. 2013 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदान-ग्रंथाची पाचवी आवृत्ती काढली, तिच्यात ही कल्पना आली आणि तिच्याबरोबर रुग्णाला विचारायच्या 16 प्रश्नांची एक मुलाखतही. तुमचा त्रास तुम्ही घरच्यांना कसा सांगता, हे त्यात सुरुवातीलाच विचारलेलं आहे. आमच्या त्या रात्री तो एक प्रश्न कुणी विचारला असता तर!

इथे एक सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो, की आपले लोक मनाचं शरीरावर ढकलतात आणि गोरे लोक मनाचं मनमोकळं बोलतात. तो खरा नाही. 1999 साली 14 देशांतल्या 15 केंद्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बंगळूरही होतं. साध्या डॉक्टरांकडे आलेल्या, नैराश्याच्या कसोटीत बसणाऱ्या 1146 रुग्णांपैकी 69 टक्के लोकांनी येण्याचं कारण म्हणून फक्त शारीरिक तक्रारी सांगितल्या होत्या. केंद्राकेंद्रात फरक मोठा होता, 45 पासून 95 टक्क्यांपर्यंत. पण मनाबद्दल सरळ विचारल्यावर काहीच नाही म्हणणारे सगळे मिळून फक्त 11 टक्के निघाले. म्हणजे लोक लपवत नव्हते, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आणि नुसत्या शारीरिक तक्रारी घेऊन येणं जास्त कुठे होतं? जिथे रुग्णाचा नेहमीचा, ओळखीचा डॉक्टर नव्हता तिथे. सहा महिन्यांसाठी आलेल्या आपल्या आई-बाबांना नेमका तोच नसतो. गावच्या फॅमिली डॉक्टरला बाबा गेल्याचं माहीत होतं. इथल्या डॉक्टरपुढे होता फक्त रक्तदाबाचा आकडा आणि माझं इंग्रजी.

लाजेचाही यात वाटा असतो. बंगळूरच्या निम्हान्समध्ये झालेल्या, 1996 साली छापून आलेल्या एका अभ्यासात रुग्णांना दोन्ही प्रकारच्या लक्षणांबद्दल विचारलं होतं. नैराश्याची लक्षणं जितकी जास्त, तितकी लोक काय म्हणतील ही धास्ती जास्त. शारीरिक तक्रारींच्या बाबतीत मात्र उलटं. डोकं तर सगळ्यांचंच दुखतं, त्याने कुणाच्या लग्नात अडथळा येत नाही. ही लबाडी नाही, शहाणपण आहे.

पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो गोव्याचा अनुभव. तिथे 18 ते 50 वयाच्या सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी झाली, ती 2005 साली प्रसिद्ध झाली. शंभरातल्या बारा जणींना सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा होता. थकवा म्हटला की आपल्याकडे रक्त कमी आणि लोहाच्या गोळ्या, हे समीकरण ठरलेलं. इथे हिमोग्लोबिन आणि थकवा यांचा संबंधच दिसला नाही. संबंध दिसला तो पैशाची ओढाताण, नवऱ्याचा जाच आणि मनाची अवस्था यांच्याशी. म्हणून रक्त तपासू नका असा याचा अर्थ नव्हे. थायरॉइड मंदावलं किंवा, शाकाहारी मंडळींत नेहमी सापडतं तसं, बी-12 घसरलं तरी माणूस असाच गळून जातो. ते पाहायचं आणि ते ठीक निघालं की पुढचा प्रश्न विचारायचा.

तो कसा विचारायचा, हेही गोव्यातच करून पाहिलं गेलं. 2010 साली निष्कर्ष आलेल्या 'मानस' प्रयोगात 24 दवाखाने होते, निम्मे सरकारी, निम्मे खाजगी. निम्म्या दवाखान्यांत डॉक्टरच्या जोडीला प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशक होत्या. 'तुम्हाला मानसिक आजार आहे' असं त्या म्हणत नसत. तुमची झोप, तुमची धडधड, तुमचा थकवा आणि तुमचं टेन्शन एकमेकांत गुंतलेलं आहे, असं सांगून श्वासाचे साधे व्यायाम शिकवत आणि दिवसाची कामं पुन्हा आखायला मदत करत. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी जवळपास 66 टक्के रुग्ण बरे झाले होते, नेहमीच्या उपचारात 42.5 टक्के. खाजगी डॉक्टरांकडे असा फरक दिसला नाही. तिथला डॉक्टर बहुधा आधीपासूनच ओळखीचा असतो, हे त्याचं एक कारण असू शकतं.

पुन्हा आईकडे येतो. महिन्याभराने तिला तसाच झटका आला तेव्हा आम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. नर्सने आधी दोनच प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत गोष्टींत रस वाटेनासा झाला का, उदास वाटलं का. अमेरिकेत हे दोन प्रश्न चाळणी म्हणून वापरतात. आई म्हणाली, 'छे, मी तर सगळं करते.' दोन्हींना शून्य. चाळणीतून आई सुटली. माझ्या धंद्यात याला वाईट टेस्ट केस म्हणतात: प्रोग्रॅम बरोबर चालतो, फक्त इनपुट चुकलेलं असतं.

सुदैवाने डॉक्टरीणबाई तिथे थांबल्या नाहीत. फोनवर मराठी दुभाषी बोलावून त्यांनी सगळे नऊ प्रश्न घेतले. प्रत्येकाला 0 ते 3 गुण असतात. झोप 3, थकवा 3, भूक 2, लक्ष न लागणं 2, मंदपणा 1. झाले अकरा, तेही 'उदास' शब्दाला स्पर्श न करता. जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचाराचा प्रश्नही न वगळता विचारला, त्याला शून्य. मग त्या पहिल्या प्रश्नाकडे परत आल्या, पण तो बदलून: 'सकाळी पूजा करताना, भाजी निवडताना, बहिणीला फोन लावताना पूर्वी जसं वाटायचं तसं वाटतं का?' आई बराच वेळ गप्प राहिली. म्हणाली, 'हात करतात. मी नसते तिथे.' दुभाष्या बाईंनी ते शब्दशः पोचवलं. त्याचे 2 धरून 13. दहाच्या पुढे नीट चौकशी करायची असते आणि 10 ते 14 म्हणजे मध्यम नैराश्य, असा हिशोब आहे.

मुंग्यांचंही उत्तर तेव्हाच मिळालं. घाबरल्यावर माणूस भरभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटं आणि ओठ मुंग्यावतात, डोकं हलकं होतं, छाती आवळते. आणि मग ते पाहून तो आणखी घाबरतो. म्हणजे आईला 'काही झालेलंच नाही' असं नव्हतं. हे तिला चित्र काढून समजावलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, 'हे बाबा गेले त्या रात्रीपासून आहे.' वर्षभर मी तिच्याशी रोज फोनवर बोलत होतो. 'जेवलीस का, गोळी घेतलीस का' एवढंच विचारत होतो.

एक व्यवहाराची गोष्ट. सरकारी निधी घेणाऱ्या इथल्या रुग्णालयांना आणि दवाखान्यांना कायद्याने फुकट दुभाषी द्यावा लागतो आणि 'तुमचा तुम्ही आणा' असं म्हणता येत नाही. मागावा मात्र लागतो. मुलाने मध्ये बोलू नये याला आणखी एक कारण आहे: माझ्यासमोर आई बाबांबद्दल बोलली नसती.

आई आता पुण्यात आहे. रोज सकाळी शेजारणीबरोबर टेकडीवर जाते, औषध सहा-आठ महिने घेऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू थांबवलं. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, 'काल पोटात नुसता गोळा आला होता.' मी विचारलं, 'काय खाल्लं होतंस?' आणि लगेच जीभ चावली. मग विचारलं, 'काल काय तारीख होती गं?' ती म्हणाली, 'हं. तेच सांगत होते.'