प्रेरणेची वाट पाहणाऱ्यांस

आमच्या धर्मग्रामांतील गायनवृंदांच्या बैठकांत एक वाक्य नेहमी ऐकू येते: "फादर, गीत पवित्र आत्मा देतो; त्याला अक्षरांची मोजपट्टी कशी लावायची?" वाक्य भक्तीचे वाटते खरे, पण बहुतेक वेळा ते आळसाचे असते. पहिली ओळ सुचून सहा महिने वहीत पडून राहते आणि त्याचा दोष मात्र आत्म्याच्या माथी जातो!

ज्यांना बंधनाने भाव मरतो असे वाटते, त्यांनी विलापगीत उघडावे. यरुशलेम उद्ध्वस्त झालेले, मंदिर जळालेले. त्या आकांतात कवी काय करतो? पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या अध्यायांत बावीस कडवी, हिब्रू वर्णमालेच्या एकेका अक्षराने आरंभ होणारी. तिसऱ्यात तर प्रत्येक अक्षराला तीन, म्हणजे सहासष्ट ओळी. अश्रू आवरून तो अक्षरे मोजत होता, आणि त्याचे दुःख त्यामुळे तसूभरही उणे झाले नाही. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली राचोल येथे छापलेले 'क्रिस्तपुराण' सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. तीन चरणांत यमक, चौथा आखूड आणि मोकळा, हा नेम त्या इंग्रज माणसाने परक्या भाषेत हजारो वेळा पाळला.

आता अनुभवाचे सांगतो. एका होतकरू तरुणाला अर्पणगीत लिहायचे होते. पहिल्या ओळीत 'प्रभूचरणी', 'अर्पण', 'कृपा' हे तिन्ही शब्द आले आणि लेखणी थांबली. थांबणारच. हे शब्द इतके झिजले आहेत की त्यांच्यापुढे सांगायला काही उरतच नाही. मी त्याला हे तीन शब्द आणि चौथा 'दान' वर्ज्य केले. अभंगाचा साचा दिला, म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. आणि वेळ दिला वीस मिनिटे. जोडाक्षर एकच मोजायचे. त्याने लिहिले:

रहाटाचे पाणी
केळीच्या मुळाशी
घामही तळाशी
आजोबांचा

'अर्पण' म्हणता येत नाही म्हटल्यावर काय अर्पण करायचे, हे त्याला पाहावे लागले. आणि त्याला वाडी दिसली. दुसऱ्या कडव्यात मात्र तो अडला. 'तोच आज घड, वेदीपाशी आला' येथवर ठीक. पुढे 'हात हलका झाला' असे होते. मोजली तर सात अक्षरे. एक कमी करण्यासाठी अर्धा तास गेला आणि 'हात रिता झाला, घरच्यांचा' असे झाले. हलका हात म्हणजे ओझे उतरलेला. रिता हात म्हणजे स्वतःसाठी काही न ठेवलेला. हा फरक त्याला आधी सुचला नव्हता. एका जास्तीच्या अक्षराने तो त्याच्यापुढे आणून ठेवला.

हा उपाय रामबाण आहे असे मात्र मी म्हणणार नाही. पळवाटा पुष्कळ आहेत. 'कृपा' वर्ज्य केली की 'करुणा' लिहिणारे असतात. त्यांनी नाव बदलले, पाहिले काहीच नाही. त्यांना 'करुणा'ही वर्ज्य करावी. दुसरे भरतीची अक्षरे घालतात: 'हो', 'रे', 'सदा'. ओळख सोपी आहे. कडवे गद्यासारखे सलग वाचावे. जो शब्द गाळला तरी अर्थ हलत नाही, तो केवळ मोजणीसाठी आलेला असतो. आणि चाल आधीच ठरलेली असेल तर अक्षरे मोजून भागत नाही, तेथे मात्रा मोजाव्या लागतात. अभंग गाताना ऱ्हस्व अक्षरही लांबवता येते. ठरलेल्या चालीत तसे केले की शब्द मोडतो आणि लोकांना तो कळेनासा होतो. सिनेमाच्या चालीवर बसवलेल्या आमच्या कित्येक गीतांची हीच गत आहे. पण तो वेगळा वाद.

उपासनेचे ठरलेले शब्द या खेळात ओढू नयेत, हेही सांगितले पाहिजे. 'पवित्र, पवित्र' मधला शब्द वर्ज्य करण्याचा अधिकार ना तुम्हाला, ना मला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 सालच्या उपासनाविषयक संविधानाने गीतांचे शब्द मुख्यतः पवित्र शास्त्र आणि उपासनेतून घ्यावेत असे सांगितले आहे. म्हणून गीत पूर्ण झाल्यावर वर्ज्य शब्द परत यायला माझी हरकत नसते. त्या तरुणाने शेवटच्या कडव्यात 'कृपा' परत आणली, तीही एकदाच. रहाट, घाम आणि रिता हात यांच्यानंतर आलेला तो शब्द आता झिजलेला वाटत नाही. चाल बसवताना गायनवृंदातील एका आजीबाईंनी मला विचारले, "फादर, हा रहाट कोणाच्या वाडीतला?"