शब्दांची जबाबदारी: नाव, कृत्य आणि आरोपी

मी तेलुगू आणि इंग्रजी बातम्या मराठीत आणण्याचं काम करते. त्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे लैंगिक अत्याचाराची बातमी. आता आपल्यापैकी प्रत्येक जण ग्रुपवर बातम्या पुढे पाठवत असतो, म्हणून या वेळी त्याबद्दल लिहिते आहे.

२७ नोव्हेंबर २०१९ ची रात्र हैदराबादकर विसरलेले नाहीत. शमशाबादच्या टोलनाक्याजवळ एका तरुणीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. दोन दिवसांत तिचं खरं नाव आणि फोटो देशभर फिरत होते, न्याय मागणाऱ्या हॅशटॅगमध्येसुद्धा तिचंच नाव होतं. शेवटी १ डिसेंबरला सायबराबाद पोलिसांनी कुटुंबाच्या संमतीनं तिला ‘दिशा’ म्हणा, असं आवाहन केलं.

‘ती तर गेली, आता नाव लपवून काय उपयोग?’ असं तेव्हा बरेच जण विचारत होते. पण अत्याचारग्रस्त व्यक्तीची ओळख उघड करणं हा तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ प्रमाणे गुन्हा होता आणि आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. या घटनेच्या वर्षभर आधी, ११ डिसेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं निपुण सक्सेना खटल्यात सांगितलं होतं की मृत व्यक्तीचंही नाव नातेवाइकांच्या नुसत्या परवानगीनं छापता येत नाही. तशी खरी गरज आहे का, हे सत्र न्यायाधीश ठरवतील. हा नियम समाजमाध्यमांनाही लागू आहे.

नाव गाळलं की काम संपलं, असंही नाही. समजा, एका बातमीत गावाचं नाव आहे, दुसरीत व्यवसाय, तिसरीत वडिलांची नोकरी. एकेक तपशील निरुपद्रवी वाटतो, पण तिन्ही जोडले की शेजारपाजारच्यांना घर लगेच ओळखू येतं. न्यायालयानं दूरान्वयानंही ओळख पटेल असे तपशील देऊ नका म्हटलं, ते यासाठीच. म्हणूनच या लेखात मीही दिशाबद्दल आणखी काही सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट कृत्याच्या नावाची. मराठीत ‘अब्रू लुटली’ असं सर्रास म्हणतात. त्याचा अर्थ असा होतो की गमावलं ते तिनं, आणि कलंकही तिलाच लागला. ‘अतिप्रसंग’ म्हटलं की नेमकं काय झालं ते कळतच नाही. ‘विनयभंग’ हा कायद्यातला वेगळा गुन्हा आहे, बलात्काराला तो शब्द वापरला तर गुन्हाच लहान होतो. बलात्कार असेल तर बलात्कार म्हणावं, फक्त कसा झाला याचं वर्णन करू नये. ‘कथित बलात्कार’ हाही फसवा शब्द आहे. सावधगिरी म्हणून वापरतात, पण संशय तक्रारदारावर जातो. त्याऐवजी ‘बलात्काराचा गुन्हा नोंदवला’ लिहिलं की तेवढीच सावधगिरी राहते आणि माहिती नेमकी मिळते.

कारण सांगतानाही जपावं लागतं. दिशानं बहिणीऐवजी १०० नंबरला फोन करायला हवा होता, असं तेव्हाचे तेलंगणाचे गृहमंत्री म्हणाले आणि त्यावर टीका झाली. ‘रात्री एकटी होती’, ‘फोन का केला नाही’ अशा वाक्यांत तीच कर्ती असते आणि गुन्हा करणारे वाक्यातून गायब होतात.

तिसरा शब्द ‘नराधम’. राग समजण्यासारखा आहे, पण खटला चालण्याआधी ते ‘आरोपी’च असतात. दिशा प्रकरणातले चौघे आरोपी ६ डिसेंबरला पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा ठिकठिकाणी फुलं उधळली गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या आयोगानं, ज्याचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर होते, हा गोळीबार जीव घेण्याच्या हेतूनंच केला होता असा निष्कर्ष काढला. तो अहवाल २०२२ मध्ये जाहीर झाला. तोवर बहुतेकांच्या मनात निकाल कधीच लागून गेला होता. आता न्यायालयात साक्षीपुरावे तपासून त्या चौघांचा निकाल लागणं शक्य नाही, आणि ते दिशाच्या कुटुंबाचंही नुकसानच आहे.

समजा, उद्या ग्रुपवर असा मेसेज आला: ‘अमुक कॉलनीतल्या अमक्यांच्या मुलीची नराधमांनी अब्रू लुटली, फोटो पाहा.’ त्यातून कॉलनी, वडील आणि फोटो काढले, ‘अब्रू’ आणि ‘नराधम’ बदलले, की उरतं ते एवढंच: ‘शहरात एका तरुणीवर बलात्कार झाल्याचा गुन्हा नोंदवला आहे, दोन संशयित ताब्यात आहेत.’ तेही पोलिसांनी सांगितलं असेल तरच. कळायला हवं ते सगळं यात आलं. मूळचा मेसेज पुढे पाठवू नका, आणि पाठवणारा घरचाच असेल तर त्याला फोन करून तो काढायला सांगा.