हजेरीपट आडवा नको, उभा वाचा



गेल्या वर्षी माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही, कारण शिरवळ लहान आहे आणि तिला तिची गोष्ट गावभर झालेली नको होती. सहामाहीनंतर प्रगतिपत्रक भरताना तिची हजेरी ६६ टक्के निघाली. मी शेरा लिहिला, "वारंवार गैरहजर. पालकांनी लक्ष द्यावे." हा शेरा लिहिल्याची मला आजही लाज वाटते. लक्ष द्यायचं होतं ते मी.

आपण हजेरीपट आडवा वाचतो. एका मुलाच्या नावापुढे किती हजर, किती गैरहजर हे मोजून टक्केवारी काढली की झालं. एक दिवस सहज तो उभा वाचला, म्हणजे वारानुसार. तेव्हा दिसलं की तिची गैरहजेरी विखुरलेली नव्हतीच. जवळजवळ प्रत्येक मंगळवार आणि प्रत्येक शुक्रवार. आळशी मूल असं ठरलेल्या वारी आळस करत नाही.

मधल्या सुट्टीत तिला बाजूला घेतलं. "का येत नाहीस?" असं विचारलं असतं तर "पाहुणे आले होते" हे नेहमीचं उत्तर मिळालं असतं. म्हणून विचारलं, "घरी दवाखान्याचं कोण बघतं गं?" थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मीच बघते बाई."

तिच्या आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मशीनवर चार तास, पण शिरवळहून साताऱ्याला जायचं काय आणि पुण्याला जायचं काय, दोन्हीकडे पन्नास-साठ किलोमीटर. एसटीची वाट, खंबाटकी घाट, तिथला नंबर, हे सगळं धरलं की सकाळी निघालेलं माणूस संध्याकाळी घरी येतं. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरतो, चक्कर येते, म्हणून पेशंटला एकटं सोडता येत नाही. वडील एमआयडीसीत कंत्राटी कामगार. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली, आणि महिन्याला आठ खाडे कोणताही ठेकेदार चालवून घेत नाही. भाऊ दुसरीत. मग आईसोबत कोण जाणार? हे घरात कुणी बसून ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप तिच्यावर आलं.

उरलेले दिवसही मोकळे नव्हते. आईच्या ज्या हातात फिस्टुला केलेला आहे, म्हणजे सुई टोचण्यासाठी शीर जोडून घेतली आहे, त्या हाताने जड उचलायचं नाही. म्हणून पाणी भरणं तिच्याकडे. आईने दिवसभरात किती पाणी प्यायचं ते ठरलेलं, म्हणून सकाळी बाटली मोजून भरून ठेवायची. भाज्या चिरून उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं, कारण त्यातलं पोटॅशियम आईला चालत नाही. रोज वजन बघायचं. एकदम किलोभर वाढलं तर अंगात पाणी साठतंय हे चौदा वर्षांच्या मुलीला कळत होतं. तसं झालं की रात्री आईला धाप लागते, म्हणून ती सावध झोपायची. आणि मी तिला पहिल्या तासाला पेंगते म्हणून उभी करत होते.

आता शाळेचं नुकसान नेमकं कसं झालं ते बघा. वार ठरलेले असल्यामुळे बुडणारे तासही ठरलेले होते. आमच्या वेळापत्रकात विज्ञानाचं प्रात्यक्षिक शुक्रवारी, आणि भूमितीचे दोन्ही तास मंगळवारी-शुक्रवारी. इतिहासात तिला चांगले गुण आणि भूमितीत काठावर. स्टाफरूममध्ये आम्ही म्हणायचो, "हिला गणिताची आवड नाही." आवड-निवडीचा प्रश्नच नव्हता. भूमिती तिने ऐकलीच नव्हती.

मैत्रिणींचं नुकसान कुठल्याच रकान्यात दिसत नाही. सुरुवातीला मैत्रिणी वह्या द्यायच्या, घरी बोलवायच्या. ही दर वेळी काहीतरी कारण सांगायची. सहलीला "पैसे नाहीत" म्हणाली, खरं तर रात्री आईजवळ कुणी नव्हतं. तीन-चार वेळा नाही म्हटलं की मुली विचारायचं सोडतात. त्यांना वाटलं, ही शिष्ट आहे. हिला वाटलं, यांना माझी गरज नाही. खरं कारण ती सांगत नव्हती, कारण आजाराची चर्चा झाली की लोक आईकडे वेगळ्या नजरेने बघतात आणि मग ते ऐकून आई रडते.

यात आपण मोठी माणसं भर घालतो. "किती गुणाची पोर, आईचं सगळं करते!" असं कौतुक झालं की त्या पोरीला "मला जमत नाहीये" म्हणायची जागाच उरत नाही. मुलगी असेल तर हे कौतुक लवकर सुरू होतं आणि प्रश्न उशिरा विचारले जातात.

अशी मुलं आपल्या सरकारी नोंदीतूनही निसटतात. सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल आपण शाळाबाह्य धरून शोधतो. पण हे मूल सलग दोन दिवसही गैरहजर नसतं. इंग्लंडमध्ये शाळांच्या वार्षिक नोंदणीत २०२३ पासून अशा मुलांसाठी वेगळा रकाना आहे, तरी पहिल्या वर्षी बहुतेक शाळांनी आपल्याकडे असं एकही मूल नाही असं कळवलं. म्हणजे नुसता रकाना पुरत नाही, विचारावं लागतं.

आम्ही काय केलं? मुख्याध्यापकांच्या सहीचं एक साधं पत्र तिच्या वडिलांकडे दिलं. डायलिसिस केंद्रं दिवसातून दोन-तीन पाळ्यांत चालतात. पत्रात विनंती केली की मंगळवार-शुक्रवारऐवजी बुधवार-शनिवार मिळावा आणि शनिवारी दुपारची पाळी मिळावी. शनिवारी आपली शाळा सकाळची असते, त्यामुळे तो दिवस बुडत नाही. जागा लगेच मिळाली नाही, जवळजवळ दोन महिने थांबावं लागलं. पण हिशोब बघा. महिन्याचे २४ दिवस धरले तर आधी ८ बुडायचे, हजेरी ६६ टक्के. आता ४ बुडतात, हजेरी ८३ टक्के. दहावीला बोर्डाची अट ७५ टक्क्यांची आहे. म्हणजे एका वाराच्या बदलावर तिचं दहावीचं वर्ष उभं होतं.

भूमितीचा एक तास आम्ही सोमवारी घेतला. वर्गात काहीच जाहीर केलं नाही. कुठल्या मैत्रिणीला सांगायचं हे तिनेच ठरवलं, आणि एकीलाच सांगितलं. ती एक मैत्रीण आता बुधवारची वही घेऊन तिच्या घरी जाते.

गंभीर आजारी पालकांच्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजनाही आहे, महिना २२५० रुपयांची. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा, कागदपत्रं पाहून बालकल्याण समिती ठरवते. आमच्या मुलीचा अर्ज अजून तिथेच आहे. पैसे मिळाले तरी आईसोबत जायला माणूस मिळत नाही, हेही खरं. बुधवारी ती आजही दवाखान्यातच असते.

माझं म्हणणं एवढंच आहे. शेरा लिहिण्याआधी हजेरीपट एकदा उभा वाचा. आणि पालकहो, घरात आजारपण असेल तर वर्गशिक्षकांना दवाखान्याचे वार तेवढे कळवा. आजाराचं नाव नाही सांगितलं तरी चालेल.